मार्चमधलं एक ई-पत्र आणि ऑगस्टमधला पूर : साखर कारखान्याच्या पुनर्विम्याची गोष्ट

(कोल्हापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

आज मी तुम्हाला एक पत्र वाचून दाखवणार आहे. एका विमा कंपनीनं दुसऱ्या कंपनीला लिहिलेलं, जेमतेम पानभराचं ई-पत्र. असं पत्र कारखान्याच्या चेअरमनना कधी दिसत नाही, ऊस घालणाऱ्या सभासदाला तर त्याचा पत्ताही नसतो. पण गोदामात पाणी शिरलं की भरपाईचे पैसे कुणाच्या खिशातून येणार, हे बऱ्याच अंशी याच पत्रात ठरलेलं असतं.

कारखाना मी कल्पनेतला घेतलाय. आकडे हिशेबाला सोपे जावेत असे धरलेत. नदी मात्र खरीच आहे, आपली पंचगंगा.

रतीब आणि लग्नघर

आधी पुनर्विमा म्हणजे काय ते बघू. आपण विमा कंपनीकडे विमा उतरवतो, तसा विमा कंपनीही आपल्या डोक्यावरचा काही भार दुसरीकडे उतरवते. हा झाला पुनर्विमा. भार सोपवणाऱ्या कंपनीला धंद्यात सीडंट म्हणतात आणि घेणाऱ्या कंपनीला रीइन्शुरर. आपल्याकडची सरकारी रीइन्शुरर म्हणजे मुंबईची जीआयसी री. जीआयसी १९७२ साली स्थापन झाली. पुढे २०१६-१७ पासून म्युनिक री, स्विस री अशा परदेशी कंपन्यांनीही भारतात शाखा उघडल्या.

हा भार सोपवायच्या दोन रीती आहेत. तुमच्या घरी दुधाचा रतीब असतो ना? रोज दोन लिटर, भाव ठरलेला, गवळी रोज विचारत बसत नाही. विमा कंपनीचाही असा वर्षाचा रतीब असतो, त्याला ट्रीटी म्हणतात. ठरलेल्या मर्यादेपर्यंतच्या जोखमी त्यात आपोआप जातात. पण घरात लग्न निघालं आणि पन्नास लिटर दूध लागलं, तर गवळ्याला वेगळं विचारावं लागतं. तो हो म्हणेल, नाही म्हणेल किंवा भाव वाढवून सांगेल. एकेका जोखमीसाठी असं वेगळं विचारून घेतलेला पुनर्विमा म्हणजे फॅकल्टेटिव्ह. धंद्यात त्याला नुसतं ‘फॅक’ म्हणतात. यात विचारणाऱ्यावर विचारायची सक्ती नसते आणि समोरच्यावर घ्यायची नसते. म्हणून काय विचारलं आणि काय उत्तर आलं, यालाच सगळी किंमत.

आपल्या कारखान्याचा हिशेब

समजा नदीकाठच्या एका साखर कारखान्याची विमा रक्कम ५०० कोटी रुपये आहे. गाळपाची यंत्रसामग्री आणि इमारती १७० कोटी, कोजन म्हणजे वीजनिर्मिती ११० कोटी, डिस्टिलरी ७० कोटी, साखर, बगॅस, मळी वगैरे साठा १५० कोटी.

विमा कंपनीनं हे सगळं स्वतःच्या डोक्यावर घेतलं तर एका आगीत तिचं कंबरडं मोडेल. म्हणून ती वाटणी करते. कायद्यानं ठरलेला हिस्सा जीआयसी रीला द्यावाच लागतो. गेली काही वर्षं तो ४ टक्के आहे, म्हणजे इथे २० कोटी. कंपनी स्वतःजवळ ३० कोटी ठेवते, त्याला रिटेन्शन म्हणतात. तिच्या ट्रीटीत या रिटेन्शनच्या सहापट जागा आहे असं धरू, म्हणजे १८० कोटी. बेरीज झाली २३० कोटी. उरले २७० कोटी, म्हणजे ५४ टक्के. रतीब इथे संपला. या ५४ टक्क्यांसाठी आता फॅक शोधायचा.

चार आकडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत : सक्तीचा हिस्सा ४ टक्के, स्वतःचा ६, ट्रीटी ३६ आणि फॅक ५४. नुकसान झालं की प्रत्येकानं याच प्रमाणात द्यायचं.

आता पत्र वाचू

मूळ पत्रं इंग्रजीत असतात. मी मराठीत वाचतो.

> विषय : फॅकल्टेटिव्ह प्रस्ताव – साखर कारखाना, कोजन व डिस्टिलरी, जि. कोल्हापूर – सुरुवात १ एप्रिल – ५४ टक्के – उत्तर २० मार्चपर्यंत अपेक्षित
>
> महोदय,
>
> वरील जोखमीसाठी आपला दर, अटी आणि आपण घेऊ शकाल तो हिस्सा कळवावा, ही विनंती.
>
> एकूण विमा रक्कम ५०० कोटी रुपये. विभागवार तपशील सोबत. आगीचा सर्वांत मोठा संभाव्य तोटा १२० कोटी (कोजन व लगतचे बगॅस यार्ड). पुराचा सर्वांत मोठा संभाव्य तोटा ९० कोटी (सखल भागातील दोन साखर गोदामे, तळमजल्यावरील मोटारी व विजेचे पॅनेल).
>
> आम्हाला हव्या असलेल्या अटी :
> १. मूळ पॉलिसीप्रमाणेच संरक्षण; आग, वादळ, पूर व भूकंप यांसह. पुरासाठी वेगळी मर्यादा नसावी.
> २. डिडक्टिबल : प्रत्येक दाव्याच्या ५ टक्के, किमान २५ लाख रुपये.
> ३. दर : हजारी दीड रुपया. पुनर्विमा कमिशन १० टक्के.
> ४. दावे : आम्ही मूळ पॉलिसीच्या अटींनुसार केलेली तडजोड आपण मान्य करावी. ५ कोटींवरील दाव्याची माहिती तत्काळ दिली जाईल. सर्वेक्षणात आपला सहभाग असेल.
> ५. प्रीमियम सुरुवातीपासून ६० दिवसांत.
>
> सोबत : जोखीम पाहणी अहवाल, जागेचा नकाशा, गोदामांच्या जोत्याची उंची, गेल्या दहा वर्षांचे दावे (२०१९ व २०२१ च्या पुरांसह).
>
> आपली लेखी संमती मिळेपर्यंत संरक्षण सुरू झाले असे आम्ही धरणार नाही.

पत्र एवढंच आहे. दर परवडतो की नाही हे समोरचा पाच मिनिटांत सांगेल : ५०० कोटींवर हजारी दीड म्हणजे ७५ लाख प्रीमियम, त्यातले ५४ टक्के म्हणजे साडेचाळीस लाख फॅकच्या वाट्याला. यातून कमिशन वजा. भावाची घासाघीस नेहमीची आहे, तिच्यात मी शिरत नाही. पत्रातल्या दोन जागा मात्र नीट बघू, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे : पुराची माहिती आणि पहिली अट.

पुराबद्दल काय सांगायचं

पुनर्विमा विश्वासावर चालतो. रीइन्शुरर कारखाना बघायला येईलच असं नाही, तो मुंबईत किंवा झुरिकमध्ये बसून कागद वाचतो. म्हणून ज्या गोष्टीनं त्याचा निर्णय बदलू शकतो ती त्यानं विचारली नाही तरी सांगणं सीडंटचं कर्तव्य असतं. लपवली तर पुढे तो करारच नाकारू शकतो.

आता नेहमीचा फॉर्म पाच वर्षांचे दावे मागतो. पाच वर्षं मोजली तर २०१९ बाहेर पडतं. त्या वर्षी ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद होता. हे इथे बसलेल्या कुणाला सांगायला नको, पण झुरिकच्या माणसाला सांगायला हवं. २०२१ च्या जुलैमध्ये पाणी पुन्हा त्याच पातळीपर्यंत आलं, तेही पुढे त्या फॉर्मच्या बाहेर सरकतं. फॉर्म पाच वर्षं मागत असला, तरी नदी त्या हिशेबानं वागत नाही. म्हणून पत्रात दहा वर्षांचे दावे दिलेत.

दुसरं, नुसता फुटांचा आकडा देऊन भागत नाही. बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे बंधाऱ्यावरच्या मोजपट्टीचे आहेत. तुमच्या गोदामाचं जोतं त्या मोजपट्टीवर कुठे येतं, हे पाहणी करणाऱ्यानं काढून द्यावं लागतं. बंधाऱ्यावर ५५ फूट पाणी असताना गोदाम क्रमांक दोनच्या फरशीवर किती पाणी होतं? भिंतीवरचा डाग मोजला तरी उत्तर मिळतं. जोत्याची उंची पत्रासोबत जोडलीय ती यासाठी.

तिसरी गोष्ट साखरेची. आपल्याकडे गाळप हंगाम साधारण मार्च-एप्रिलपर्यंत संपतो. म्हणजे विमा सुरू होतो तेव्हा गोदामं गच्च भरलेली असतात, आणि साखर टप्प्याटप्प्यानं विकली जात असल्यानं जुलै-ऑगस्टमध्येही बरीच शिल्लक असते. पूर येतो तो भरल्या गोदामावर. त्यातून साखर म्हणजे काही लोखंड नव्हे. खालच्या थरातली पोती भिजून विरघळली की वरची थप्पी कलते आणि कोसळते. फूटभर पाण्यानं नुकसान फूटभराचंच होत नाही. सरासरी साठा दाखवून जोखीम बारीक दिसते, पण ते दाखवणं खोटं ठरतं. साठा सर्वाधिक असतो तेव्हाचा द्यायचा.

उत्तर येतं तेव्हा

आता उत्तराकडे वळू. मोठा हिस्सा घेणाऱ्या कंपनीला लीडर म्हणतात, बाकीच्या बहुधा तिच्याच अटींमागे जातात. समजा लीडरचं उत्तर असं आलं :

> आम्ही २४ टक्क्यांसाठी पाठिंबा देतो. दर मान्य. अटी : पुरासाठी मर्यादा ५० कोटी रुपये (१०० टक्क्यांवर). साखरेचा साठा फरशीपासून किमान दोन फूट उंच ठेवण्याची वॉरंटी. हा प्रस्ताव १५ दिवस वैध.

पाठोपाठ दुसऱ्या दोन कंपन्यांनी त्याच अटींवर १८ आणि १२ टक्के घेतले. २४, १८ आणि १२, बेरीज ५४. काम फत्ते!

धोका इथेच आहे. मार्च अखेर आहे, टेबलावर असे वीस प्रस्ताव आहेत, कारखान्याचा माणूस दिवसातून तीनदा फोन करतोय, ‘साहेब, पॉलिसी कधी?’ अशा वेळी डोळा टक्क्यांवर जातो, अटींवरून घसरतो. दर मान्य, ५४ टक्के भरले, म्हणून पॉलिसी निघते. आणि ती निघते मूळ ठरल्याप्रमाणे : पुराला वेगळी मर्यादा नाही, साठा दोन फुटांवर ठेवायची अट नाही.

पण लीडरनं आपल्या पत्राला हो म्हटलेलंच नाही. त्यानं आपला प्रस्ताव बाजूला ठेवून स्वतःचा पाठवला. आपण तो स्वीकारला, तर त्याच्या अटींवर स्वीकारला.

आता ऑगस्ट येतो. नदी येते. डिडक्टिबल वजा जाता कारखान्याला द्यायची रक्कम ठरते ८० कोटी. वाटणी अपेक्षेप्रमाणे झाली असती तर सक्तीच्या हिश्श्यातून ३.२ कोटी, ट्रीटीतून २८.८, फॅकमधून ४३.२ आणि विमा कंपनीच्या खिशातून फक्त ४.८ कोटी. बेरीज ८०.

प्रत्यक्षात फॅकवाले पुराची मर्यादा ५० कोटी धरणार आणि तिचे ५४ टक्के देणार, म्हणजे २७ कोटी. ४३.२ मधून २७ गेले, उरले १६.२ कोटी. ते कुणाचे? कारखान्याची पॉलिसी पूर्ण आहे, तिला कुठलीही मर्यादा नाही, त्यामुळे कारखान्याला ८० कोटी द्यावेच लागणार. मग हे १६.२ कोटी विमा कंपनीच्या स्वतःच्या खात्यावर. ४.८ चे झाले २१ कोटी, चौपटीहून जास्त. आणि साखर दोन फुटांवर ठेवलेली नसेल, तर वॉरंटी मोडली म्हणून ते २७ कोटीही वादात.

कंसातले ते शब्द पुन्हा वाचा : ‘१०० टक्क्यांवर’. मर्यादा संपूर्ण जोखमीवर मोजली, म्हणून फॅकच्या वाट्याला तिचे ५४ टक्के आले. तेच ५० कोटी ‘फॅकच्या एकत्रित हिश्श्यासाठी’ असते, तर ४३.२ कोटी त्यात आरामात बसले असते आणि एक रुपयाही कमी पडला नसता. दोन शब्दांच्या फरकात सोळा कोटी. उत्तरात असा खुलासा नसेल तर फोनवर समजून घेऊन भागत नाही, लेखी विचारून लेखी उत्तर घ्यायचं.

मग करायचं काय

साधा उपाय आहे. कागदावर तीन रकाने आखा : मागितलं काय, मिळालं काय, पॉलिसीत लिहिलं काय. पूर, डिडक्टिबल, वॉरंटी, दाव्याची पद्धत, सुरुवातीची तारीख आणि वेळ अशी एकेक ओळ घ्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यात जिथे फरक दिसेल तिथे विमा कंपनीचा स्वतःचा पैसा उघड्यावर आहे. शेवटची ओळ सह्या झालेल्या टक्क्यांची. तोंडी ‘बघतो, देतो’ म्हणणाऱ्याचे टक्के बेरजेत धरायचे नाहीत. आपल्या उदाहरणात १२ टक्केवाल्यानं ऐनवेळी ६ च टक्क्यांवर सही केली, तर उरलेले ६ विमा कंपनीकडे परत येतात आणि तिचा वाटा ६ चा थेट १२ टक्के होतो. पक्की ऑर्डर देणं आणि लेखी स्वीकृती हातात पडणं या वेगळ्या गोष्टी आहेत. त्या दोन्ही ३१ मार्चच्या आत व्हायला हव्यात.

फरक सापडला तर वाटा तीन. एक, पुराचा वरचा भाग घेणारा दुसरा रीइन्शुरर शोधायचा. तो मिळतो, पण महाग, आणि तो भाव कारखान्याच्या प्रीमियममध्ये येतो. दोन, पॉलिसीतच पुराची मर्यादा ५० कोटी लिहायची, मात्र कारखान्याला आधी स्पष्ट सांगून. मग ८० कोटींच्या पुरात वरचे ३० कोटी कारखान्याला स्वतः सोसावे लागतील, म्हणजे शेवटी सभासदांना. तीन, विमा कंपनीनं हा जादा भार जाणूनबुजून स्वतःवर घ्यायचा, वरिष्ठांच्या सहीनं. तिन्हींत कुणीतरी सोसणार आहेच. पुनर्विमा नुकसान नाहीसं करत नाही, ते कुणी सोसायचं एवढंच ठरवतो.

वॉरंटीचंही तसंच. साठा दोन फूट उंच ठेवायचा असेल तर ही अट पॉलिसीत यायला हवी आणि गोदामपालाच्या कानावर जायला हवी. ज्याला पोती रचायची आहेत त्यालाच अट माहीत नसेल, तर ती पाळणार कोण?

श्रोत्यांचे प्रश्न

*एका साखर कारखान्यातील निवृत्त लेखापालांनी विचारलं : ‘रीइन्शुररनं पैसे दिले नाहीत तर विमा कंपनी आम्हाला थांबवू शकते का?’*

नाही. तुमचा करार विमा कंपनीशी आहे, रीइन्शुररशी नाही. ‘वरून पैसे आले नाहीत’ हे कारण तुमच्यापुढे चालत नाही. तसंच उलटं, तुम्हालाही थेट रीइन्शुररकडे जाता येत नाही. प्रत्यक्षात उशीर होतो तो पत्रातल्या चौथ्या अटीवरून. ‘आम्ही केलेली तडजोड मान्य करा’ असं ठरलं असेल तर विमा कंपनी आगाऊ रक्कम लवकर सोडू शकते. पण रीइन्शुररनं दाव्याचा ताबा स्वतःकडे घेतला असेल, तर त्याची संमती येईपर्यंत विमा कंपनी आकडा कबूल करायला कचरते. पुढचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो, बॉयलर पेटवायचा असतो. म्हणून विमा घेताना जरूर विचारा की दाव्याचा निर्णय कोण घेणार. विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

*एका विद्यार्थिनीनं विचारलं : ‘पुराची माहिती इतकी उघड दिली तर कुणी पुनर्विमा देईलच कशाला?’*

काही जण देणार नाहीत, हे खरंय. काही जण दर वाढवतील, मर्यादा घालतील. पण ते मार्चमध्ये कळेल. मार्चमध्ये ‘नाही’ ऐकलं तर दुसरं दार ठोठावता येतं, गोदामाचं जोतं उचलता येतं, मोटारी वरच्या मजल्यावर नेता येतात, सखल गोदामातली साखर आधी विकता येते. तेच ‘नाही’ ऑगस्टमध्ये, पाणी उतरल्यावर ऐकायला आलं, तर करण्यासारखं काही उरत नाही. अजून एक सांगतो. तुम्ही जोतं दोन फुटांनी वाढवलंत तर पुढच्या वर्षीच्या पत्रात ते लिहा, फोटो जोडा. पुराची मर्यादा वाढवून मागायला तेवढाच भक्कम आधार असतो.

थांबतो इथे.